अंगठ्याचा अर्थ: सणाच्या रात्रीची एक गैरहजेरी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका डिलिव्हरी हबमधलं आहे. मी तिथे संध्याकाळच्या शिफ्टची डिस्पॅचर होते. म्हणजे आलेली ऑर्डर कोणत्या रायडरला द्यायची, कुणाला कुठे वळवायचं, कुणाची गाडी बंद पडली तर त्याच्या हातातली ऑर्डर कुणाकडे सोपवायची, हे सगळं माझ्याकडे. आठवड्याचं रोस्टरही मीच लावायचे. रायडरांना आम्ही नावापेक्षा बॅगच्या नंबरानं जास्त ओळखायचो, म्हणून इथेही नंबरच वापरते. ज्याचं हे प्रकरण, तो चार नंबर. पुढे नऊ नंबरही येईल.

रायडरांना पगार नव्हता, ऑर्डरमागे पैसे होते. त्यामुळे ‘रजा’ असा प्रकार कागदावर नव्हताच. शिफ्टचे स्लॉट होते आणि स्लॉट घेऊन न येणाऱ्याला ‘गैरहजर’ अशी नोंद लागायची. एक नोंद लागली की पुढच्या आठवड्याचे स्लॉट निवडायला त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. म्हणजे चांगल्या वेळा दुसऱ्यांनी उचललेल्या, याच्या वाट्याला दुपारचे रिकामे तास. याला एकच सूट होती, आजारपण. ‘बरं नाही’ असं शिफ्टआधी कळवलं तर गैरहजेरी लागायची नाही. हा नियम मी केला नव्हता, पण दोन वर्षं चालवला होता. त्यातून काय शिकवण जाते, याचा विचार मात्र त्या रात्रीपर्यंत केला नव्हता.

चार नंबर जुना रायडर. कुरकुर नाही, उशीर नाही. आधीच्या तिन्ही सणांच्या रात्री तो कामावर होता. रोस्टर लावताना अशा माणसाचं नाव आपण पहिलं लिहून टाकतो.

तीन मेसेज

सणाच्या पाच दिवस आधी त्यानं रायडरांच्या ग्रुपवर लिहिलं:

“मॅडम त्या दिवशी रात्री घरी जरा कार्यक्रम आहे, बघा जमलं तर.”

ग्रुपवर त्या वेळी पेट्रोल, पंक्चर, कुणाचं तरी हेल्मेट हरवलेलं, असे वीसेक मेसेज चालू होते. मी त्याच्या मेसेजवर अंगठा टाकला. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच होता. दिवसाला असे चाळीस अंगठे मी देत असेन.

त्यानं त्याचा अर्थ ‘मंजूर’ असा घेतला आणि घरी सांगून टाकलं.

दोन दिवस आधी रोस्टर ग्रुपवर पडलं. सात ते अकरा, बारा रायडर, त्यात चार नंबर. रोस्टरखाली माझी नेहमीची ओळ होती, “काही अडचण असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.” त्यानं काही सांगितलं नाही. त्याच्या मते सांगून झालं होतं. नाव चुकून राहिलंय, मॅडम काढतील, असं त्याला वाटलं. माझ्या मते त्याचं जमलं होतं, म्हणून तो गप्प होता.

तिसरा मेसेज सणाच्या दिवशी दुपारी चार चाळीसला आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला:

“ताई आज रात्री नाही जमणार. अंग गरम आहे.”

ग्रुपवर तो मला मॅडम म्हणायचा, खाजगीत ताई. त्यानं ताई म्हणून लिहिलंय म्हणजे हा रजेचा अर्ज नाही, विनवणी आहे, हे तेव्हाच ओळखता आलं असतं.

एक माणूस कमी म्हणजे किती कमी

बाहेरच्या माणसाला वाटेल, बारातला एक गेला, बाराव्या हिश्श्याचं काम अडलं. तसं होत नाही, आणि हे कळल्याशिवाय पुढची माझी घालमेलही कळणार नाही.

ऑर्डर घेतल्यापासून ती पोचवून रायडर पुन्हा मोकळा होईपर्यंतच्या वेळेला आम्ही चक्र म्हणायचो. साध्या दिवशी आमच्याकडे चक्र सत्तावीस मिनिटांचं. सणाच्या रात्री उचलायच्या जागी थांबावं लागतं, रस्ते भरलेले असतात, लोक फोन उचलत नाहीत. त्यामुळे मी छत्तीस मिनिटं धरून चालले होते. छत्तीस मिनिटांच्या चक्रानं बारा रायडर तासाला वीस ऑर्डर पोचवतात. अंदाज तासाला अठराचा होता. म्हणजे दोन ऑर्डरची सवड.

अकरा रायडर तासाला अठराच्या किंचित वर जातात. म्हणजे सवड जवळपास शून्य. रायडर एकच कमी झाला, पण हाताशी असलेली ऐस जवळपास सगळी संपली. ऐस नसेल तेव्हा एखादी गाडी पंक्चर झाली, एखादा पत्ता चुकला की मागच्या सगळ्या ऑर्डर सरकत जातात आणि ते सरकणं आपोआप भरून निघत नाही, कारण भरून काढायला मोकळा रायडरच नसतो.

म्हणून चार चाळीसला तो मेसेज वाचून माझ्या पोटात गोळा आला, आणि घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती मी केली.

पहिली पंचवीस मिनिटं

मी लिहिलं, “किती ताप आहे? थर्मामीटरचा फोटो टाका.”

त्या एका ओळीनं काय साधणार होतं? त्यानं फोटो टाकला असता, तर तो येणार नव्हताच. नसता टाकला, तर तो खोटं बोलतोय हे सिद्ध झालं असतं, आणि तरीही तो येणार नव्हता. दोन्ही वाटा अकरा रायडरांपाशीच पोचत होत्या. मला रायडर हवा होता आणि मी पुरावा मागत बसले.

त्याच्या नावाखाली ‘टाइप करतोय’ असं यायचं, जायचं. पुन्हा यायचं. पाच वाजून गेले. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. त्या पंचवीस मिनिटांत मी दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही, कारण मनात कुठेतरी आशा होती की दबाव आला की तो येईल.

पाच वाजून पाच मिनिटांनी हा मेसेज आला. त्याच्या परवानगीनं, ओळख लागेल असा तपशील काढून देते:

“ताई ताप नाहीये. खोटं बोललो. तीन सण झाले मी रात्री कामावर होतो. घरी सगळे थांबतात माझ्यासाठी आणि मी साडेअकराला पोचतो तोवर सगळे झोपलेले असतात. तुम्हाला पाच दिवस आधी विचारलं होतं, तुम्ही अंगठा दिला म्हणून घरी सांगून टाकलं की ह्या वेळी आहे मी. रोस्टरमध्ये नाव बघितलं तेव्हा वाटलं तुम्ही काढाल. परत विचारायला नको वाटलं. स्लॉट गेला तरी चालेल पण आज नाही येत.”

मी ग्रुपवर वर सरकत गेले. हेल्मेट, पंक्चर, पेट्रोल, आणि त्यांच्या मधोमध त्याचा मेसेज. त्यावर माझा अंगठा.

समोर असलेले पर्याय

पाच वाजले होते, शिफ्ट सातची. माझ्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, त्याच्यावर जोर देणं. गैरहजेरी लावीन म्हणायचं. तो स्वतःच म्हणत होता स्लॉट गेला तरी चालेल, म्हणजे माझ्या हातातला एकमेव दांडा त्यानं आधीच काढून घेतला होता. आणि समजा तो आलाच असता, तर मनाविरुद्ध, घाईत, गर्दीच्या रस्त्यावर. असा रायडर मला नको होता. हे मी आज शांतपणे लिहितेय. तेव्हा हा पर्याय मी सर्वांत उशिरा सोडला.

दुसरी, सौदा. सात ते साडेआठ ये, मग जा. यात तथ्य होतं, कारण गर्दी आठ ते साडेनऊ असते आणि निदान सुरुवात सावरली असती. पण रायडरच्या हातात साडेआठला ऑर्डर असते, ती टाकून जाता येत नाही. साडेआठ म्हणजे खरं नऊ, घरी पोचायला साडेनऊ. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही.

तिसरी, बदली. त्या रात्री सुट्टीवर असलेले चार रायडर होते.

चौथी, काम कमी करणं. आपण ज्या अंतरापर्यंत ऑर्डर घेतो ते सहा किलोमीटरवरून चारवर आणलं, तर लांबच्या ऑर्डर येतच नाहीत. शिवाय प्रत्येक फेरी छोटी होते. चक्र छत्तीसवरून तीसवर आलं, तर अकरा रायडर तासाला बावीस ऑर्डर ओढतात. म्हणजे एक माणूस कमी असूनही बारांपेक्षा जास्त. पण ही कळ माझ्या हातात नव्हती, व्यवस्थापकांच्या हातात होती. त्यांच्या लेखी सणाच्या रात्री अंतर कमी करणं म्हणजे आलेला धंदा परत पाठवणं.

काय केलं

चार नंबरला मी लिहिलं, “तुम्ही आज येऊ नका. अंगठा माझा होता, चूक माझी. गैरहजेरी लागणार नाही.” त्यावर त्यानं हात जोडले, आणि मग काही नाही.

मग बदलीसाठी फोन. पहिला फोन मी नऊ नंबरला केला. का त्यालाच, याचं उत्तर मला द्यायला आवडत नाही, पण प्रकरणाचा अर्धा भाग तिथेच आहे. हा सण त्याच्या घरी पाळत नाहीत. त्यामुळे तो मोकळाच असणार, हे मी धरून चालले. मी म्हटलंही, “दादा, तुमच्याकडे आज तसं काही नसतं ना, याल का?”

तो दोन क्षण थांबला. मग म्हणाला, “येतो की ताई. आठला येतो.” आणि फोन ठेवता ठेवता, “आमच्याकडे असतं तेव्हाही मीच असतो.”

मी हसून घालवलं. तेवढा वेळच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

साडेपाचला व्यवस्थापकांना अंतर कमी करण्याबद्दल विचारलं. आकडे सांगितले. ते म्हणाले, “आठला तुमचे बारा होतायत ना? मग अडलं तर बघू.” त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. मात्र ग्राहकाला दाखवायची वेळ चाळीस मिनिटांवरून साठवर न्यायला त्यांनी होकार दिला. ही गोष्ट फुकटची असते आणि आपण ती नेहमी उशिरा करतो. साठ सांगून पंचावन्नला आलेली ऑर्डर कुणाला उशिरा आली असं वाटत नाही.

रात्री काय झालं

सात ते आठ अकरा जणांनी रेटलं. आठला नऊ नंबर आला, बारा झाले. आठ चाळीसला एका रायडरचं मागचं चाक बसलं, पुन्हा अकरा. त्याच सुमाराला मुख्य रस्ता गर्दीनं तुंबला आणि चक्र पंचेचाळीस मिनिटांवर गेलं.

अशा वेळी नवा डिस्पॅचर ‘उशीर झालेल्या ऑर्डर’ हा आकडा बघत बसतो. तो आकडा अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट सांगतो. बघायचा आकडा म्हणजे रायडर न मिळालेल्या ऑर्डर. त्या दोन-तीन असतील आणि पाच मिनिटांत हलत असतील तर चिंता नाही. आकडा दहा मिनिटं खाली येत नसेल, तर पुढचा तास बिघडला समजायचं. माझ्या पडद्यावर आठ पन्नासला तो नऊ होता आणि वरच चालला होता.

मी व्यवस्थापकांना फोन केला नाही, पडद्याचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत अंतर चार किलोमीटरवर आलं. एकाच ठिकाणाहून एकाच दिशेला जाणाऱ्या ऑर्डर मी जोडीनं द्यायला लागले. यातही मर्यादा असते. दुसऱ्या घराला खाणं गारच मिळतं, म्हणून दोन घरांत पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त अंतर असेल तर जोडी लावायची नाही. साचलेलं निस्तरायला दहा वाजून गेले. चार ऑर्डर रद्द झाल्या. अपघात झाला नाही.

घरी जाताना एका रायडरनं विचारलं, “मॅडम, चार नंबरला काय झालं? ताप?” मी म्हटलं, “घरी कार्यक्रम होता, त्यानं आधी सांगितलं होतं.” तो म्हणाला, “म्हणजे असं सांगता येतं?”

दुसऱ्या दिवशीची नोंद

नोंदवहीत दोनच खाने होते, ‘आजारी’ आणि ‘गैरहजर’. आजारी लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. त्याला सूट मिळाली असती, मीही सुटले असते. पण मग त्याचं खोटं मी शिक्का मारून पक्कं केलं असतं, आणि बाकीच्यांना पुन्हा तेच समजलं असतं की इथे सणाला घरी राहायचं तर ताप आणावा लागतो. मी शेऱ्यात लिहिलं, “पाच दिवस आधी कळवलं होतं. डिस्पॅचरकडून उत्तर स्पष्ट गेलं नाही.” व्यवस्थापकांनी बोलावलं, थोडं ऐकवलं. नोंद तशीच राहिली.

कुठे वेगळं करता आलं असतं

पाच दिवस आधीची जागा सगळ्यांत स्वस्त होती. त्याचा मेसेज संदिग्ध होता, हे खरं. “जरा”, “बघा”, “जमलं तर”, या तीन शब्दांत नकार लपलेला होता. पण आपल्याकडे वरच्या माणसाला नाही म्हणायची हीच भाषा आहे. “बघा जमलं तर” म्हणजे ‘मी येणार नाही, पण तुम्ही मला तसं म्हणू द्या.’ हे मला मराठी येत असल्यानं कळायला हवं होतं. मी एकच प्रश्न विचारला असता, “म्हणजे येत नाही असं धरू का?” तर बदलीला पाच दिवस मिळाले असते.

त्याच्या बाजूनं कसा मेसेज चालला असता? “सणाच्या रात्री सात ते अकराला मी येणार नाही. रविवारी दुपारची शिफ्ट करू शकतो. उद्यापर्यंत हो-नाही कळवा.” तारीख, वेळ, ठाम नकार, बदल्यात काय, आणि उत्तराची मुदत. लिहायला सोपं आहे. पण ज्याचे पुढच्या आठवड्याचे स्लॉट समोरच्याच्या हातात आहेत, त्याच्याकडून अशा वाक्याची अपेक्षा करण्याआधी तसं लिहिल्यानं काही बिघडत नाही हे त्यानं एकदा तरी पाहिलेलं असावं लागतं.

रोस्टरखालची ओळ मी बदलली. आधी गप्प राहणं म्हणजे होकार होता. आता प्रत्येकानं ‘येतो’, ‘येत नाही’ किंवा ‘इतक्या वाजेपर्यंत’ यांपैकी एक लिहायचं, आणि जो काहीच लिहिणार नाही तो येत नाही असं धरायचं. मीही अंगठा बंद केला. ‘वाचलं, उद्या सांगते’ नाहीतर ‘मंजूर’, असे शब्दच लिहायचे. पहिले काही आठवडे याचा वैताग आला. बाराजणांच्या मागे लागून उत्तरं गोळा करावी लागायची.

याची किंमतही मोजावी लागली. पुढच्या मोठ्या सणाला पाच जणांनी आठवडाभर आधी ‘येत नाही’ लिहिलं. व्यवस्थापक माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तुम्ही शिकवलंत.” सात रायडरांवर ती रात्र काढायची होती. दोन बदल्या मिळाल्या, आणि संध्याकाळी सातपासूनच अंतर चार किलोमीटर ठेवलं. धंदा कमी झाला. सगळं सुरळीत पार पडलं असं मी म्हणणार नाही, पण शिफ्टच्या दोन तास आधी कुणाला ताप आला नाही.

राहिला नऊ नंबर. त्या फोनबद्दल मी त्याच्याशी पुढे दोन महिने काही बोलले नव्हते. जुनी रोस्टरं काढून बघितली. त्याच्या घरचा मोठा सण दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही रात्री त्याचं नाव यादीत होतं. त्या तारखा मला माहीतच नव्हत्या. मी रायडरांना विचारून वर्षाची एक यादी केली, कुणाच्या घरी कोणती रात्र महत्त्वाची. एकानं लिहिलं, “माझी कुठलीच नाही, मला दर सणाला लावा, जादा दर मिळतो.” नऊ नंबरनं एकच तारीख लिहिली.

ती तारीख यायच्या नऊ दिवस आधी त्याचा मेसेज आला, ग्रुपवर, सगळ्यांसमोर: “मॅडम त्या रात्री मी येत नाही.” माझं उत्तर जायच्या आत चार नंबरनं खाली लिहिलं, “त्यांच्या जागी मी.”

मी टाइप केलं, “दोन्ही मंजूर.”